शून्याची रेषा कोणी आखली? जागतिक तापमान-विचलनाचा आलेख वाचताना

२०२४ हे वर्ष नोंदींच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले, याबाबत जगातील प्रमुख हवामान संस्थांमध्ये मतभेद नव्हता. मात्र ते किती उष्ण होते, याचे उत्तर वाचक कोणत्या देशात राहतो यावर अवलंबून असल्यासारखे दिसले. अमेरिकेत नासाने १.२८ अंश सेल्सिअस हा आकडा दिला, तर नोआ या दुसऱ्या अमेरिकी संस्थेने १.२९. ब्रिटनमध्ये मेट ऑफिसने १.५३ अंश सांगितले. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या अहवालात ०.७२ आणि १.६० असे दोन आकडे एकाच वर्षासाठी शेजारी-शेजारी छापलेले होते.

हे आकडे परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेक एकच गोष्ट सांगतात. त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे तापमान नव्हे, तर तापमानातील फरक आहे आणि फरक कशापासून मोजला हे संस्थेगणिक बदलते. या फरकाला हवामानशास्त्रात ‘विचलन’ म्हणतात. इंग्रजी वृत्तांत तो ‘ॲनॉमली’ या नावाने येतो. ज्या काळाच्या सरासरीपासून तो मोजतात, तो ‘आधारकाळ’ अर्थात बेसलाइन. आलेखावरील शून्याची आडवी रेषा म्हणजे या आधारकाळाची सरासरी. ती रेषा निसर्गाने आखलेली नाही, माणसाने निवडलेली आहे. एवढे ध्यानात ठेवले की आलेखाचा निम्मा अर्थ उलगडतो.

विचलन कसे काढतात?

एका हवामान केंद्रापासून सुरुवात करू. त्या केंद्रावरील जानेवारी महिन्याचे सरासरी तापमान आधारकाळातील प्रत्येक वर्षासाठी घेतात आणि तीस वर्षांच्या जानेवारींची सरासरी काढतात. मग विचाराधीन वर्षाच्या जानेवारीतून ही सरासरी वजा करतात. उरतो तो त्या केंद्राचा त्या महिन्याचा फरक. फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशी, मे महिन्याची मे महिन्याशीच होते. त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्याचा नेहमीचा चढउतार आपोआप बाजूला पडतो आणि ‘या महिन्यात नेहमीपेक्षा काय वेगळे घडले’ एवढेच शिल्लक राहते.

यानंतर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे अक्षांश-रेखांशांनुसार चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील केंद्रांच्या फरकांची सरासरी घेतात आणि चौकोनाच्या क्षेत्रफळानुसार त्याला भार देऊन साऱ्या जगाची सरासरी काढतात. ध्रुवांकडील चौकोन लहान असतात, म्हणून त्यांचा भारही कमी. समुद्रावर हवेऐवजी पृष्ठभागाच्या पाण्याचे तापमान वापरण्याची पद्धत आहे. त्याच्या नोंदी जहाजांकडून आणि तरंगत्या यंत्रांकडून येतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक ठिकाणी वजाबाकी होते, सरासरी नंतर. हा क्रम उलटवला तर काय होते, हे पाहिले की प्रत्यक्ष तापमानाऐवजी विचलन का वापरतात याचे उत्तर मिळते.

प्रत्यक्ष तापमानाची सरासरी का फसवते?

पुणे आणि महाबळेश्वर ही दोन ठिकाणे घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते, सोपे करून घेतलेले आहेत. पुण्याची आधारकाळातील सरासरी २५.० अंश आणि सुमारे आठशे मीटर अधिक उंचीवरील महाबळेश्वरची २०.० अंश मानू. दोघांची सरासरी २२.५. काही दशकांनी दोन्ही ठिकाणे ०.३ अंशाने तापली, म्हणजे २५.३ आणि २०.३ झाली. सरासरी २२.८, वाढ ०.३. येथवर सारे ठीक.

आता समजा, महाबळेश्वरचे केंद्र बंद पडले आणि त्या वर्षी फक्त पुण्याची नोंद मिळाली. प्रत्यक्ष तापमानाची सरासरी एकदम २५.३ होते, म्हणजे आधारकाळापेक्षा २.८ अंशांनी अधिक. हवा तापली ०.३ अंशाने, पण कागदावर वाढ दिसली तिच्या नऊपटींहून अधिक. हेच काम विचलनाने केले असते, तर पुण्याचा फरक ०.३ आणि महाबळेश्वरचाही ०.३, त्यांपैकी एक गळाला तरी सरासरी ०.३च राहते. गेल्या दीडशे वर्षांत जगभर असंख्य केंद्रे सुरू झाली, बंद पडली, गावातून विमानतळावर हलली. अशा बदलत्या जाळ्यातून दीर्घकालीन कल काढायचा, तर ठिकाणाच्या उंचीचा परिणाम आधीच वजा करून टाकणे अपरिहार्य ठरते.

दुसरे कारण असे की, तापमान जवळजवळच्या ठिकाणीही फार बदलते, फरक मात्र बदलत नाही. घाटमाथा आणि घाटाखालचे गाव यांच्या तापमानांत काही अंशांचे अंतर असते; पण एखादा महिना नेहमीपेक्षा उबदार गेला असेल, तर तो बहुधा दोन्हीकडे उबदार गेलेला असतो. जेम्स हॅन्सन आणि सर्गेज लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये दाखवले की, मध्य आणि उच्च अक्षांशांत सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरील केंद्रांचे फरकही परस्परांशी चांगले जुळतात. म्हणूनच मर्यादित केंद्रांवरून विस्तीर्ण प्रदेशाचे विचलन विश्वासाने काढता येते. त्याच केंद्रांवरून त्या प्रदेशाचे प्रत्यक्ष सरासरी तापमान काढणे कठीण असते.

तिसरे कारण अचूकतेचे आहे. १९६१–१९९० या काळातील पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १४ अंश सेल्सिअस होते, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. त्यातील अनिश्चितता सुमारे अर्ध्या अंशाची. उलट, अलीकडच्या वर्षांच्या जागतिक विचलनातील अनिश्चितता नासाच्या हिशेबाने सुमारे ०.०५ अंश, म्हणजे दहापट कमी आहे. घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी त्यावरून मोजलेला प्रवासाचा वेळ बिनचूक येतो, कारण निघताना आणि पोहोचताना चूक तीच असते आणि वजाबाकीत ती निघून जाते. येथेही तसेच घडते. कोपर्निकसच्या नोंदीत २०२३ आणि २०२४ या वर्षांमधील फरक ०.१२ अंशाचा आहे. अर्ध्या अंशाची धूसरता असलेल्या अंदाजात प्रत्येक वर्ष स्वतंत्रपणे मोजले, तर त्यांपैकी कोणते अधिक उष्ण हेही ठामपणे सांगता येणार नाही.

याचे एक बोलके उदाहरण नोआच्याच जुन्या अहवालांत सापडते. १९९७ च्या वार्षिक अहवालात जगाचे सरासरी तापमान ६२.४५ अंश फॅरेनहाइट दिले होते. २०१४ च्या अहवालातील आकड्यांवरून ते ५८.२४ अंश फॅरेनहाइट येते. दोन्ही वर्षे आपापल्या अहवालात तोवरची सर्वांत उष्ण ठरलेली! केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर सतरा वर्षांत पृथ्वी चार अंश फॅरेनहाइटने थंड झाली असा निष्कर्ष निघेल, आणि तसा दावा करणारेही भेटले. वस्तुस्थिती अशी की, १९९७ मध्ये १९६१–१९९० ची सरासरी ६१.७ अंश फॅरेनहाइट धरली होती, तर २०१४ पर्यंत विसाव्या शतकाची सरासरी ५७.० अंश फॅरेनहाइट धरली जाऊ लागली. बदलला तो पायाचा अंदाज. पायावरील वाढ पाहिली तर ती १९९७ मध्ये ०.७५ आणि २०१४ मध्ये १.२४ अंश फॅरेनहाइट होती. त्यातही १९६१–१९९० हा काळ विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा किंचित उबदार असल्याने ही दोन विचलने थेट एकमेकांशेजारी ठेवणे काटेकोर नव्हेच. पण कलाची दिशा तरी ती बरोबर सांगतात.

आधारकाळ : वेगवेगळे का आणि कसे?

एखादे वर्ष आधार म्हणून घेतले, तर त्या वर्षीच्या एल निनोचा किंवा ज्वालामुखीच्या उद्रेकाचा ठसा शून्यरेषेवरच उमटेल. तीस वर्षांच्या सरासरीत असे चढउतार बऱ्याच अंशी परस्परांना भागवतात. तीस वर्षांची ही परंपरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय स्तरावर रूढ झाली.

मात्र कोणती तीस वर्षे, याचे उत्तर प्रत्येक संस्थेने आपल्या सोयीने दिले. नासा १९५१–१९८० वापरते, कारण तिचे विश्लेषण आकाराला आले तेव्हा तीच सर्वांत अलीकडची तीन दशके होती. पुढे जुन्या आलेखांशी सातत्य राहावे म्हणून तो काळ कायम ठेवला गेला. ब्रिटनच्या मेट ऑफिसचा मूळ संच १९६१–१९९० वर उभा आहे. नोआ जागतिक अहवालात विसाव्या शतकाची, म्हणजे १९०१–२००० ची सरासरी घेत आली आहे. कोपर्निकस १९९१–२०२० घेते. हवामानबदलाच्या धोरणात्मक चर्चेत १८५०–१९०० हा काळ ‘औद्योगिक-पूर्व’ पातळीचे प्रतिनिधित्व करतो. पॅरिस करारातील दीड अंशाची भाषा याच पातळीच्या संदर्भात केली जाते.

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे परत जाऊ. कोपर्निकसच्या हिशेबाने १९९१–२०२० ही तीन दशके १८५०–१९०० पेक्षा सुमारे ०.८८ अंशाने उबदार होती. २०२४ चे ०.७२ आणि हे ०.८८ मिळून १.६० होतात. म्हणजे त्यांचे दोन आकडे एकाच उंचीची दोन मापे आहेत. एक अंगणापासून, दुसरे ओट्यापासून. नासाचे १.२८ हे १८५०–१९०० च्या तुलनेत मांडले की १.४७ होते आणि नोआचे १.२९ तसेच मांडले की १.४६. मेट ऑफिसचे १.५३ मुळातच त्या काळापासून मोजलेले होते. थोडक्यात, ०.७२ ते १.५३ असा विस्कळीत वाटणारा पसारा एकाच आधारावर आणल्यावर १.४६ ते १.६० एवढ्यात आटोपतो. जागतिक हवामान संघटनेने सहा संच एकत्र करून १.५५ अंश हा आकडा दिला, त्यात ०.१३ अंशाची उणेअधिक मर्यादा ठेवून.

उरलेला ०.१४ अंशाचा फरक मात्र खरा आहे. एकोणिसाव्या शतकातील नोंदी विरळ आहेत. त्या काळची पातळी ठरवताना प्रत्येक संस्था रिकाम्या जागा वेगळ्या पद्धतीने भरते. कोपर्निकसचा संच तर १९४० पासूनच सुरू होतो, त्यामुळे त्याला औद्योगिक-पूर्व पातळी इतर संचांच्या आधाराने घ्यावी लागते. अलीकडच्या तापमानवाढीबाबत संस्था अधिक एकमताने बोलतात. मतभेद वाढतात ते जुन्या पायरीच्या उंचीबाबत.

एक उदाहरण सोडवून पाहू

आधारकाळ बदलल्याने कशी फसगत होऊ शकते, हे भारताच्या नोंदींत स्पष्ट दिसते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०१६ हे १९०१ नंतरचे सर्वांत उष्ण वर्ष घोषित केले, तेव्हा देशाच्या सरासरी तापमानाचे विचलन ०.९१ अंश दिले होते. पुढे २०२४ ने तो विक्रम मोडला आणि विभागाने २०२४ साठी ०.६५ अंश हा आकडा दिला. दोन बातम्यांची कात्रणे शेजारी ठेवणाऱ्याला प्रश्न पडेल : ०.६५ हे ०.९१ पेक्षा अधिक उष्ण कसे?

उत्तर आधारकाळात आहे. ०.९१ हे १९६१–१९९० पासून मोजलेले होते. नंतरच्या काही निवेदनांत विभागाने १९८१–२०१० हा आधार घेतला आणि त्याच २०१६ चे विचलन ०.७१ झाले. २०२४ च्या निवेदनात आधार १९९१–२०२० होता आणि त्यात २०१६ चा आकडा ०.५४ असा नोंदवला होता. २०१६ मधले ऊन अर्थातच तेवढेच होते. प्रत्येक वेळी शून्याची रेषा मात्र वर सरकली, कारण नवी तीस वर्षे जुन्या तीस वर्षांपेक्षा अधिक उबदार होती.

अशा वेळी दोन्ही आधारांवर ज्याचा आकडा उपलब्ध आहे, असे सामाईक वर्ष पुलासारखे वापरता येते. २०१६ चे ०.९१ उणे ०.५४ म्हणजे ०.३७. हा सरकवण्याचा आकडा २०२४ च्या ०.६५ मध्ये मिळवला की १९६१–१९९० च्या आधारावर २०२४ सुमारे १.०२ अंश येते. आता १.०२ आणि ०.९१ यांची तुलना योग्य ठरते आणि २०२४ अधिक उष्ण असल्याचे दिसते. एक सावधगिरी मात्र हवी. दरम्यानच्या काळात मूळ नोंदींमध्ये दुरुस्ती झाली असेल, तर तिचाही अंश या ०.३७ मध्ये मिसळलेला असतो. म्हणून असे उत्तर ‘सुमारे’ म्हणूनच वापरावे आणि शक्य तेथे एकाऐवजी अनेक सामाईक वर्षांवरून सरकवण्याचा आकडा काढावा.

आलेखावर नजर कशी फिरवावी?

प्रथम उभ्या अक्षाचे शीर्षक वाचावे. तेथे किंवा तळटिपेत आधारकाळ लिहिलेला असतो. तो कुठेच नसेल, तर उंची वाचण्याचा प्रयत्न सोडून केवळ आकार पाहावा. आधारकाळ बदलला की संपूर्ण रेषा जशीच्या तशी वर किंवा खाली सरकते. तिचा चढ, तिची शिखरे आणि दोन वर्षांमधील अंतर बदलत नाही. आधारकाळ निवडून तापमानवाढ ‘निर्माण’ करता येत नाही, असे म्हणतात ते यामुळेच.

बदलतात ते रंग. शून्याच्या वरचे स्तंभ लाल आणि खालचे निळे दाखवण्याची रीत आहे. १८५०–१९०० चा आधार घेतला की जवळजवळ सारे अलीकडचे शतक लाल दिसते. १९९१–२०२० घेतला की १९८० चे दशकही निळे होते. निळा रंग पाहून ‘तेव्हा पृथ्वी थंड होत होती’ असे समजणे चूक आहे. निळा म्हणजे निवडलेल्या काळापेक्षा कमी, एवढेच.

मग चढउतार पाहावेत. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १९९२ मध्ये रेषा खाली वाकली. १९९८ चे शिखर प्रबळ एल निनोचे होते. २०२३–२०२४ च्या उसळीतही एल निनोचा वाटा आहे. १९९८ सारख्या शिखरापासून आलेख सुरू केला, तर पुढची अनेक वर्षे सपाट भासतात. म्हणून आडवा अक्ष कुठून सुरू होतो, हेही तितक्याच काळजीने पाहावे. याच कारणाने एका वर्षाने दीड अंश ओलांडले, म्हणजे पॅरिस करारातील मर्यादा ओलांडली गेली, असे होत नाही. आयपीसीसी तापमानवाढीची पातळी वीस वर्षांच्या सरासरीवरून ठरवते.

अमेरिकेतील वाचकांसाठी एक खास सूचना : विचलन फॅरेनहाइटमध्ये नेताना केवळ १.८ ने गुणावे, ३२ मिळवू नयेत. ३२ हा दोन मापनपद्धतींच्या शून्यांमधला फरक आहे आणि विचलनात तो आधीच वजा झालेला असतो. नासाचे १.२८ अंश सेल्सिअस म्हणजे २.३० अंश फॅरेनहाइट. ३२ मिळवले तर ३४.३ असे हास्यास्पद उत्तर येईल.

विचलनाने काय कळत नाही?

विचलन ‘किती वेगळे’ हे सांगते, ‘किती उष्ण’ हे नव्हे. कोपर्निकसच्या नोंदीत जुलै २०२३ चे जागतिक तापमान १६.९५ अंश होते आणि सप्टेंबर २०२३ चे १६.३८. तरीही सप्टेंबरचे विचलन ०.९३ होते, तर जुलैचे ०.७२. उत्तर गोलार्धात जमीन अधिक असल्याने जुलै हा जगाचा नेहमीच उष्ण महिना. सप्टेंबर त्याच्यापेक्षा थंड होता, पण नेहमीच्या सप्टेंबरपासून अधिक दूर गेला होता. बर्फ केव्हा वितळेल किंवा माणसाच्या शरीराला ऊन केव्हा सोसवेनासे होईल, हे मात्र प्रत्यक्ष तापमानावर ठरते. तेथे विचलन पुरेसे नाही.

दुसरी मर्यादा रिकाम्या जागांची. पुणे-महाबळेश्वरच्या उदाहरणात एक केंद्र गळूनही उत्तर बरोबर आले, कारण दोन्ही ठिकाणे सारखीच तापली होती. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा तीन ते चार पटींनी वेगाने तापत आहे आणि तेथील केंद्रे मोजकी आहेत. तो भाग कोरा सोडला की जगाची वाढ कमी दिसते. मेट ऑफिसच्या संचाच्या जुन्या आवृत्तीत हे घडत होते; नव्या आवृत्तीत तेथील विचलन आजूबाजूच्या नोंदींवरून भरून काढतात. चांगल्या आलेखात रेषेभोवती फिकट पट्टा असतो, तो याच अनिश्चिततेचा. एकोणिसाव्या शतकात तो रुंद असतो आणि आजकडे येताना अरुंद होत जातो. दोन वर्षांतील फरक त्या पट्ट्याहून लहान असेल, तर ‘पहिला क्रमांक कोणाचा’ या बातमीला फारसे महत्त्व देऊ नये; कित्येक दशकांचा चढ मात्र त्या पट्ट्याच्या कितीतरी पट मोठा आहे आणि शून्याची रेषा कुठेही आखली तरी तो तेवढाच राहतो.